चांगला फिल्टर कोणता, आणि पाणी कुठलं

घरगुती पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणाऱ्या दुकानात सर्वाधिक वेळा येणारी मागणी एका वाक्यात संपते: "एखादा चांगला फिल्टर दाखवा." या वाक्यात किती पैसे खर्च करायचे ते नसते, पाण्यात नेमके काय खुपते ते नसते, आणि आधीच्या यंत्राचा अनुभवही नसतो. गिऱ्हाईक काही लपवत असतो असे नाही. शेजारच्या घरात यंत्र बसलेले दिसले, लहान मुलाला जुलाब झाले किंवा पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले, एवढ्या कारणावर तो बाहेर पडलेला असतो. काय सांगितले म्हणजे निवड सोपी होईल हे त्याला माहीत असण्याचे कारण नाही. ते माहीत असणे हे विक्रेत्याचे काम आहे.

समोरच्या फळीवर दिसायला सारख्याच पांढऱ्या-काळ्या डब्यांची रांग असते, पण आतून त्यांचे मुख्यतः तीन प्रकार पडतात. पहिला यूएफ, म्हणजे पोकळ धाग्यांच्या जाळीतून पाणी गाळणारा. या जाळीची छिद्रे इतकी बारीक असतात की गाळ आणि जिवाणू अडकतात. दोन डबे एकावर एक ठेवलेल्या प्रकाराला वीजही लागत नाही. दुसरा यूव्ही: यात पाणी एका नळीतून जाते आणि आतल्या दिव्याचे अतिनील किरण जंतूंना निकामी करतात. तिसरा आरओ. यात छोटा पंप पाण्याला दाबाने मेम्ब्रेनमधून ढकलतो आणि पाण्यात विरघळलेले क्षारही बहुतांशी मागे राहतात. बाजारातली बाकीची नावे या तिघांची जोडकामे आहेत. यूएफ आणि यूव्हीमुळे विरघळलेला क्षार कमी होत नाही, तो फक्त आरओने होतो. निवडीची सगळी गुंतागुंत या एका फरकावर उभी आहे.

अशा मागणीला उत्तर म्हणून बहुतेक विक्रेते पहिला प्रश्न बजेटचा विचारतात. तो सोपा असतो आणि विक्रीच्या प्रशिक्षणात तोच शिकवला जातो. पण निवड आटोपशीर करायला तो फारसा उपयोगी पडत नाही. समजा, दुकानात 16 यंत्रे आहेत: 3 साधी यूएफ, 5 यूव्हीची आणि 8 आरओची. गिऱ्हाईक म्हणाला, "दहा-बारा हजारांपर्यंत." त्या किमतीत चांगली यूव्ही यंत्रे बसतात आणि हलकी आरओही बसतात. म्हणजे सात-आठ यंत्रे शिल्लक राहिली, आणि तीही दोन्ही जातींची. त्या घरात क्षार काढायची गरज आहे की नाही, हा मुख्य प्रश्न जिथल्या तिथेच राहिला. शिवाय बजेटचे उत्तर भरवशाचे नसते. ज्याला किमतींचा अंदाज नाही तो ऐकलेला एखादा आकडा सांगतो, आणि जो सावध आहे तो मनातल्यापेक्षा कमी सांगतो. त्या आकड्याभोवती मग पुढचे सगळे बोलणे फिरत राहते.

घरात माणसे किती, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. तो आपुलकीचा वाटतो, पण या यंत्रांच्या बाबतीत त्याने जवळपास काहीच गळत नाही. पाच माणसांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला साधारण 20 ते 25 लिटर पाणी लागते, आणि घरगुती आरओ तासाला दहा-बारा लिटर पाणी सहज देतो. दोघांच्या घराला आणि सात जणांच्या घराला बहुधा एकच यंत्र पुरते. "कुठल्या कंपनीचा हवा?" हा प्रश्न तर गिऱ्हाइकाने विचारलेला सल्लाच त्याच्याकडे परत ढकलतो.

निवड झपाट्याने आवळणाऱ्या प्रश्नाला तीन गोष्टी लागतात. त्याचे उत्तर गिऱ्हाइकाला काउंटरवर उभ्या उभ्या देता आले पाहिजे. उत्तर काहीही आले तरी फळीवरचा मोठा हिस्सा बाद झाला पाहिजे. आणि ज्या बाबतीत चूक झाली तर नंतर निस्तरता येत नाही, त्या बाबतीतला तो असला पाहिजे. रंग, टाकीचा आकार किंवा डिजिटल पडदा आवडला नाही तर माणूस चार दिवस कुरकुर करतो. यंत्राची जातच चुकली तर ते यंत्र पुढची पाच-सात वर्षे रोज चुकीचे काम करत राहते.

या तिन्ही कसोट्यांवर उतरणारा प्रश्न असा: "ताई, घरात पाणी कुठलं येतं?" नळाचे म्हणजे नगरपालिकेचे किंवा कॉर्पोरेशनचे, बोअरचे, विहिरीचे की टँकरचे, हे बहुतेकांना ठाऊक असते. हे सांगताना कुणाला आपली ऐपत उघड झाल्यासारखी वाटत नाही आणि कुठला तांत्रिक शब्दही लागत नाही.

या प्रश्नाचे बळ पाण्याच्या प्रवासात आहे. धरणात साठलेले पावसाचे पाणी खडकाच्या संगतीत फार काळ राहिलेले नसते, म्हणून त्यात क्षार कमी असतात. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा या तलावांतून येणारे किंवा पुण्याला खडकवासल्याहून येणारे पाणी याच जातीचे आहे. टीडीएस, म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेल्या पदार्थांचे मिलिग्रॅममधले वजन, तिथे साधारण शे-दीडशेच्या आसपास असते. बोअरचे पाणी खडकाच्या भेगांतून वर्षानुवर्षे झिरपत आलेले असते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊनच ते वर येते आणि त्याचा टीडीएस पाचशे, आठशे, कधी हजाराच्या पुढे जातो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा म्हणून ओळखला जाणारा जो भाग आहे, तिथे भूजल इतके खारट असते की यूव्ही किंवा यूएफचा विचार करण्यातही अर्थ नाही.

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस 10500 टीडीएससाठी 500 ही स्वीकार्य मर्यादा धरते. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत सवलत देते. व्यवहारात 500 ची रेघ ठेवणे सोयीचे पडते: त्याच्या खाली यूव्ही किंवा यूएफ, वर आरओ. राष्ट्रीय हरित लवादानेही 2019 मध्ये पर्यावरण मंत्रालयाला निर्देश देताना हीच रेघ धरली होती. जिथे टीडीएस 500 पेक्षा कमी आहे तिथे आरओच्या वापरावर बंदी आणावी, असा तो निर्देश होता. त्यामागचे मुख्य कारण वाया जाणारे पाणी हे होते.

उत्तर "कॉर्पोरेशनचं, वर्षभर" असे आले की वरच्या उदाहरणातली आठही आरओ यंत्रे बाजूला होतात. "बोअरचं" असे आले की बाकीची आठ बाजूला होतात. सोळाची आठ झाली, आणि उरलेली आठ एकाच जातीची. बजेटच्या प्रश्नाने उरलेल्या सात-आठ यंत्रांत आणि या आठांत हा मोठा फरक आहे. त्या उरलेल्यांत निम्मी यंत्रे त्या घराला मुळातच चुकीची होती. इथे उरलेले कुठलेही यंत्र घेतले तरी ते त्या पाण्याला चालणारे आहे.

विहिरीचे उत्तर मात्र थोडे थांबून ऐकावे लागते. घाटावरच्या काळ्या पाषाणातली विहीर बहुधा जड पाण्याची असते. कोकणात जांभ्यातल्या विहिरीचे पाणी मऊ असते आणि टीडीएस कधी कधी शहरातल्या नळापेक्षाही कमी भरतो. तीच विहीर खाडीच्या जवळ असेल तर उन्हाळ्यात तिला खारेपणा येतो. म्हणून "विहीर" ऐकल्याबरोबर आरओकडे हात नेणारा विक्रेता कोकणातल्या गिऱ्हाइकाचे नुकसान करतो.

या प्रश्नाला लागूनच एक उपप्रश्न विचारावा लागतो. तो विसरला तर पहिल्या उत्तराने फसगत होते. तो असा: "वर्षभर तेच का?" पुण्याच्या कडेला वाढलेल्या वसाहतींचे उदाहरण यासाठी उपयोगी आहे. तिथल्या एका सोसायटीत राहणाऱ्या बाईंनी पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर दिले, "कॉर्पोरेशनचं." त्यावर यूव्ही यंत्र देऊन टाकणे सोपे होते. उपप्रश्न विचारल्यावर त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात टँकर येतात, पण ते वापरायला." वापराचे पाणी आणि प्यायचे पाणी सोसायटीत दोन वेगळ्या टाक्यांत साठते का, असे विचारल्यावर कळले की खाली एकच मोठी टाकी आहे आणि दोन्ही पाणी तिच्यातच पडते. टँकर बहुधा आसपासच्या बोअरवर भरले जातात. म्हणजे स्वयंपाकघरातल्या नळाला उन्हाळ्यात मिश्रण येत होते, आणि ते किती मिसळले आहे हे कुणालाच माहीत नव्हते.

अशा वेळी गिऱ्हाइकाला परत पाठवून बाटलीत पाणी आणायला सांगणे हाच प्रामाणिक मार्ग आहे. त्यात एक विक्री लांबते हे खरे, पण चुकीचे यंत्र उतरवून परत न्यावे लागण्यापेक्षा ते बरे. बाटल्या तीन लागतात: कॉर्पोरेशनच्या थेट जोडणीची, टँकरची आणि स्वयंपाकघरातल्या नळाची. या उदाहरणात मीटरवर अनुक्रमे 130, 820 आणि 610 असे आकडे आले. यावरून मिश्रणाचा हिशेब सोपा आहे. 130 पासून 820 पर्यंतचे अंतर 690, आणि नळाचे पाणी 130 च्या वर 480 ने गेले आहे. 480 ला 690 ने भागले की 0.7 च्या जवळचा आकडा येतो. म्हणजे "कॉर्पोरेशनचं" म्हणून प्यायले जाणारे पाणी एप्रिलमध्ये दहात सात भाग टँकरचे होते. टँकर मार्च ते जून येतात आणि प्रत्येक उन्हाळ्यात वाढतात, हे लक्षात घेऊन त्या घराला आरओच योग्य ठरला, पण शेवटी यूव्ही असलेला.

त्याला एक जोड द्यावी लागली. पावसाळ्यानंतर नळाचा आकडा पुन्हा दीडशेच्या आसपास उतरतो, आणि तेव्हा आरओमधून येणारे पाणी पंधरा-वीसचे, अगदी बेचव होते. त्यासाठी यंत्रात टीडीएस कंट्रोलर नावाची छोटी चावी असते. ती थोडे पाणी मेम्ब्रेनला वळसा घालून शुद्ध पाण्यात मिसळते. वळसा घालून आलेल्या या पाण्यातले जंतू मेम्ब्रेनने अडवलेले नसतात, म्हणून पुढे यूव्ही दिवा हवाच. आणि टँकर सुरू झाले की चावी परत बंद करायला हवी. ही शेवटची सूचना गिऱ्हाइकाला तोंडी सांगून भागत नाही. यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी लावली तरच ती पाळली जाते.

पाणी कुठले, हेच माहीत नाही असे गिऱ्हाईकही येते. नव्याने भाड्याच्या घरात आलेल्यांना बहुधा सांगता येत नाही. त्यांच्या घरातल्या वस्तू मात्र सांगतात. "डाळ लवकर शिजते का?" हा प्रश्न विचारला की घरातली स्वयंपाक करणारी व्यक्ती लगेच सावध होते. जड पाण्यातले कॅल्शियम डाळीच्या सालीतल्या आणि पेशींच्या भिंतींतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवते, त्यामुळे तूर कितीही शिट्ट्या केल्या तरी दाताखाली कडक लागते. सोडा घातल्याशिवाय डाळ शिजत नाही असे उत्तर आले, बादलीच्या काठाला पांढरी कडा धरत असेल आणि साबणाला फेस येत नसेल, तर पाणी जड आहे हे मीटरशिवायही जवळपास नक्की होते. डाळ नेहमीसारखी शिजते आणि गीझरही वर्षानुवर्षे नीट चालला आहे, असे असेल तर आरओ विकण्याचे कारण उरत नाही.

काउंटरवरच्या टीडीएस मीटरविषयीही स्पष्ट असायला हवे. ते पेनासारखे छोटे यंत्र पाण्यातून वीज किती सहज जाते एवढेच मोजते आणि त्यावरून क्षारांचा अंदाज दाखवते. ते जंतू मोजत नाही. सांडपाणी मिसळलेल्या पाण्याचा आकडाही दीडशे येऊ शकतो. खंडित पाणीपुरवठ्यात नळ बंद असताना जलवाहिनीतला दाब उतरतो आणि गळक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. सकाळी पहिल्या पाच मिनिटांत येणाऱ्या त्या पाण्याबद्दल मीटर काहीही सांगत नाही. म्हणून कमी आकडा म्हणजे शुद्ध पाणी, असे सांगणारा विक्रेता आणि जास्त आकडा म्हणजे विष, असे सांगणारा विक्रेता, दोघेही चूक आहेत.

याच अर्धवट माहितीवर उभा असलेला एक खेळ घरोघरी दाखवला जातो, आणि तो ओळखता येणे गिऱ्हाइकाच्या हिताचे आहे. दोन ग्लासांत दोन पाणी घेतात: एकात नळाचे, दुसऱ्यात आरओचे. लोखंडी कांड्यांचे एक साधन दोन्हींत बुडवून विजेचे बटण दाबतात. नळाच्या पाण्यात पिवळे-तपकिरी गढूळ जाळे तयार होते आणि आरओचे पाणी तसेच राहते. पाहणाऱ्याला वाटते की नळाच्या पाण्यातली घाण बाहेर आली. प्रत्यक्षात ती कांडीच्या लोखंडाची गंज असते. नळाच्या पाण्यात क्षार असल्यामुळे वीज वाहते आणि कांडी झिजते. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यामुळे वीज वाहतच नाही. आरओच्या ग्लासात चिमूटभर स्वच्छ मीठ टाकून तेच बटण दाबले की त्यातही तोच तपकिरी गाळ येतो. घाबरलेल्या माणसाला यंत्र विकण्याचा हा प्रकार सरळसरळ फसवणुकीचा आहे.

जात चुकली की काय होते, तेही दोन्ही बाजूंनी पाहायला हवे. कमी क्षाराच्या पाण्यावर आरओ बसवला की पिण्याच्या एका लिटरमागे साधारण तीन लिटर पाणी रिजेक्टच्या नळीतून जाते. 20 लिटर पिण्याच्या पाण्यासाठी रोज 60 लिटर गटारात जाते, आणि तेही आधीच पिण्यालायक असलेले. उलट, जड पाण्यावर यूव्ही बसवली की क्षार तसाच राहतो, पण त्याहून वाईट गोष्ट दिसत नाही. दिव्याभोवती काचेची नळी असते. जड पाण्यातून तिच्यावर पांढरा थर धरू लागतो आणि किरण पाण्यापर्यंत पोहोचेनासे होतात. बाहेरचा हिरवा दिवा जळत राहतो, घरातली माणसे निर्धास्त पाणी पितात आणि जंतू मरत नाहीत. पावसाळ्यात गढूळ पाण्याचेही हेच होते, कारण गाळाच्या कणांच्या आड जंतू सुटतात. म्हणून यूव्हीच्या आधी गाळ धरणारा फिल्टर नीट हवा, आणि जिथे दरवर्षी गढूळ पाणी येते तिथे यूएफ जोडलेली यूव्ही अधिक विश्वासाची.

रिजेक्ट पाण्याबद्दल एक सूचना जड पाण्याच्या घरांना द्यावी लागते. 820 चे पाणी आत गेले आणि चौथा हिस्सा शुद्ध होऊन बाहेर आला, तर उरलेल्या तीन हिश्श्यांत जवळजवळ सगळा क्षार एकवटतो आणि त्याचा आकडा हजाराच्या वर जातो. ते पाणी फरशी पुसायला किंवा संडासात टाकायला चालते. कुंड्यांना रोज घातले तर काही महिन्यांत मातीवर पांढरी पापुद्री दिसते आणि रोपे सुकू लागतात.

पाणी कुठले, हा प्रश्न सगळ्यात वेगवान असला तरी त्याच्या पलीकडे राहणाऱ्या काही गोष्टी आहेत, आणि त्या गंभीर आहेत. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडच्या किनवट भागात भूजलात फ्लोराइड आहे. मानकानुसार ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आहे, आणि पर्याय नसेल तर दीडपर्यंत. फ्लोराइड तीन असले तरी टीडीएस चारशेच्या आत असू शकतो, कारण तीन मिलिग्रॅम त्या आकड्यात हरवून जातात. शेतीखतांमुळे येणाऱ्या नायट्रेटचेही तसेच. त्याची मर्यादा 45 आहे, आणि तान्ह्या बाळांना त्याचा धोका सर्वाधिक. अशा भागातून आलेल्या गिऱ्हाइकाला 500 च्या रेघेवर निर्णय देणे बरोबर नाही. दातांवर तपकिरी डाग पडलेली मुले गावात दिसतात का, एवढे विचारून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना तपासायला पाठवावे आणि अहवाल आल्यावरच यंत्र ठरवावे. फ्लोराइड आणि नायट्रेट आरओने बऱ्याच अंशी निघतात, यूव्हीने अजिबात नाही.

जात ठरल्यावर उरलेले प्रश्न पटापट सुटतात. वीज किती वेळ जाते आणि नळ टाकीवरून येतो की थेट जोडणीतून, हे विचारले की पंपाला पुरेसा दाब मिळेल की नाही ते कळते. वरच्या मजल्यावर, गच्चीतल्या टाकीच्या अगदी खाली राहणाऱ्याला पाण्याचा दाब कमी पडतो, हे बऱ्याचदा यंत्र बसवताना लक्षात येते आणि मग वेगळी जुळणी करावी लागते. बजेटचा प्रश्न विचारण्याची वेळ आता आली, आणि तोही दोन भागांत: घेताना किती, आणि दरवर्षी किती. यूव्हीचा दिवा साधारण वर्षाने बदलावा लागतो. आरओमध्ये स्पन आणि कार्बन वर्षातून एक-दोनदा आणि मेम्ब्रेन पाण्याच्या जडपणानुसार दोन-तीन वर्षांनी. 800 च्या पाण्यावर चालणाऱ्या आरओचा वार्षिक खर्च तीन-चार हजारांपर्यंत जाऊ शकतो, आणि तो जमणार नसेल तर स्वस्त यंत्र घेऊन काही साधत नाही. मुदत संपलेल्या कार्बनमधून क्लोरीन मेम्ब्रेनपर्यंत पोहोचते आणि मेम्ब्रेन खराब होऊ लागते. बाहेर येणारा आकडा हळूहळू चढतो, आणि घरात कुणी मोजत नसेल तर कळतही नाही. म्हणून जड पाण्याच्या घराला यंत्राबरोबर दोन-तीनशे रुपयांचा मीटरही द्यावा, आणि बसवल्या दिवशीचा आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा आकडा वॉरंटी कार्डावर लिहून ठेवावा. बाहेरचा आकडा आतल्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास असेल तर मेम्ब्रेन ठीक आहे. तो वीस-पंचवीस टक्क्यांवर गेला की मेकॅनिकला बोलवावे, फक्त त्याआधी टीडीएस कंट्रोलरची चावी कुणी उघडी तर ठेवली नाही ना, हे पाहून घ्यावे.